अणू जुळले, तरी समीकरण चुकले

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत पुढचे समीकरण हमखास सापडते. त्यावर लाल फुली असते आणि विद्यार्थ्याची तक्रारही ठरलेली असते : सगळे अणू जुळतात, मग चुकले कुठे?

Cr₂O₇²⁻ + 14H⁺ + Fe²⁺ → 2Cr³⁺ + 7H₂O + Fe³⁺

अणू मोजून पाहा. क्रोमियम डावीकडे दोन, उजवीकडे दोन. ऑक्सिजन सात आणि सात, हायड्रोजन चौदा आणि चौदा, लोह एक आणि एक. तक्रार करणारा खोटे बोलत नाही. आता प्रभार मोजा. डावीकडे डायक्रोमेटचा उणे दोन, चौदा हायड्रोजन आयनांचा अधिक चौदा आणि लोहाचा अधिक दोन, म्हणजे एकूण अधिक 14. उजवीकडे दोन क्रोमियम आयनांचे अधिक सहा आणि लोहाचे अधिक तीन, म्हणजे अधिक 9. बाणाच्या डावीकडून उजवीकडे जाताना पाच धन प्रभार नाहीसे झाले आहेत. अणू जसे अभिक्रियेत निर्माण होत नाहीत किंवा नष्ट होत नाहीत, तसाच प्रभारही होत नाही. अणूंच्या बाबतीत हा नियम आपण बिनतक्रार पाळतो आणि प्रभाराच्या बाबतीत विसरतो, कारण नववी-दहावीत लिहिलेली जवळपास सगळी समीकरणे उदासीन संयुगांची असतात. तिथे दोन्ही बाजूंचा प्रभार शून्य असतो, त्यामुळे तो मोजायची वेळच येत नाही. आयनांची समीकरणे सुरू झाली की ही सवय महागात पडते.

प्रभार मोजणे ही तपासनिसाने वरून लादलेली जास्तीची अट आहे, असा समज असेल तर तो थोड्या बीजगणिताने दूर होतो. वरच्या समीकरणात सहा पदार्थ आहेत, म्हणजे सहा सहगुणक शोधायचे आहेत. मूलद्रव्ये मात्र चारच आहेत, म्हणजे अणूंच्या जुळणीतून चारच समीकरणे मिळतात. डायक्रोमेटचा सहगुणक 1 धरला की क्रोमियम 2, पाणी 7 आणि हायड्रोजन आयन 14 हे ठरून जाते. लोहाबद्दल मात्र अणूंची मोजणी एवढेच सांगते की डावीकडे जितके लोह, तितकेच उजवीकडे. ते एक असो, दोन असो वा शंभर असो, अणू जुळतातच. म्हणजे केवळ अणू जुळवून या अभिक्रियेची हवी तितकी समीकरणे लिहिता येतात आणि त्यांतले खरे कोणते हे कळत नाही. अपुरी पडलेली अट प्रभार पुरवतो. लोहाचा सहगुणक क्ष धरा. डावीकडचा प्रभार 12 + 2क्ष होतो आणि उजवीकडचा 6 + 3क्ष. दोन्ही समान ठेवले की क्ष = 6, दुसरा पर्याय उरत नाही.

Cr₂O₇²⁻ + 14H⁺ + 6Fe²⁺ → 2Cr³⁺ + 7H₂O + 6Fe³⁺

आता दोन्ही बाजूंना अधिक 24 येतात. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. एकूण प्रभार शून्यच आला पाहिजे, असे पुष्कळांना वाटते आणि तो 24 आला की ते बिचकून बरोबर समीकरण बिघडवून ठेवतात. दोन्ही बाजूंचा प्रभार सारखा हवा, शून्य नव्हे. आयनिक समीकरणात पोटॅशियम, सल्फेट असे प्रेक्षक आयन आपण मुद्दाम वगळलेले असतात. भांड्यातले द्रावण उदासीनच असते, पण कागदावरचा हा हिशेब त्याच्या एका भागाचा असतो.

हा सहाचा आकडा केवळ कागदावरचा नाही, हे पाहायचे तर रोह्याला जावे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, त्यांच्या सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र आहे आणि शेजारून कुंडलिका वाहते. अशा कोणत्याही ठिकाणच्या सांडपाण्याची पहिली चौकशी सीओडीने होते. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल त्याचे माप. नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लासोबत दोन तास उकळतात. घाण जेवढी असेल तेवढे डायक्रोमेट खर्च होते. उरलेले डायक्रोमेट किती, हे ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट सोडून मोजतात. या अनुमापनाची अभिक्रिया म्हणजेच वरचे समीकरण. बारावीच्या प्रयोगवहीत ज्याला मोहरचे मीठ म्हणतात तेच हे फेरस अमोनियम सल्फेट, त्यामुळे विद्यार्थ्याला ते परके नाही.

आता ब्युरेटलाच विचारू. 0.04167 मोलर डायक्रोमेटचे 10 मिलिलिटर द्रावण शंकुपात्रात घ्या, पाणी घालून सौम्य करा, आम्ल घाला, थंड होऊ द्या आणि फेरोइन दर्शकाचे दोन-तीन थेंब टाका. ब्युरेटमध्ये 0.25 मोलर फेरस अमोनियम सल्फेट भरा. ते लिटरला सुमारे 98 ग्रॅम मीठ तोलून, आम्लात विरघळवून केलेले ताजे द्रावण असावे, कारण हवेने त्यातले फेरस हळूहळू फेरिक होत राहते. पात्रात डायक्रोमेट आहे 0.4167 मिलिमोल. एकास एक हे चुकीचे समीकरण खरे असते, तर 0.4167 मिलिमोल लोह पुरले असते, म्हणजे ब्युरेटमधून 1.67 मिलिलिटर सोडताच रंग बदलायला हवा होता. प्रत्यक्षात तेवढ्याने काहीच होत नाही. रंग आधी हिरवटाकडे झुकत जातो, निळसर-हिरवा होतो आणि 10 मिलिलिटरच्या आसपास एका थेंबात तांबूस-तपकिरी होतो. दहा मिलिलिटरमध्ये 2.5 मिलिमोल लोह असते, आणि 2.5 ला 0.4167 ने भागले की सहा येतात. प्रभाराच्या हिशेबाने जो आकडा सांगितला होता, तोच काचेच्या नळीने सांगितला. म्हणून ‘फक्त लोहाचे दोन सहगुणक राहिले, बाकीचे चार बरोबर आहेत, मग निम्मे तरी गुण द्या’ ही मागणी मला टिकणारी वाटत नाही. या समीकरणाचा उपयोग ज्या एका आकड्यासाठी होतो, नेमका तोच चुकला आहे.

त्या चुकीची किंमत सीओडीच्या उत्तरात किती पडेल तेही पाहू. एक मोल ऑक्सिजन वायू चार मोल इलेक्ट्रॉन घेतो, म्हणून एक मोल इलेक्ट्रॉनमागे 32 भागिले 4, म्हणजे 8 ग्रॅम ऑक्सिजन. फेरस आयन एकच इलेक्ट्रॉन देतो, म्हणून ब्युरेटमधल्या प्रत्येक मोल लोहामागे 8 ग्रॅम. सीओडीच्या सूत्रात 8000 हा आकडा येतो तो इथून. एक मोल डायक्रोमेट सहा इलेक्ट्रॉन घेतो, म्हणजे तो 48 ग्रॅम ऑक्सिजनच्या बरोबरीचा. लोह आणि डायक्रोमेट एकास एक धरले, तर प्रत्येक मोल लोहाच्या नावावर 8 ऐवजी 48 ग्रॅम पडतात आणि उत्तर सहापट फुगते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम सीओडी आहे. त्या मर्यादेत जेमतेम बसणारे पाणी चुकीच्या हिशेबाने 1500 चे दिसेल.

यावर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस हरकत घेईल : आम्ही तर डायक्रोमेट 0.25 नॉर्मल म्हणून करतो, फेरस अमोनियम सल्फेटही नॉर्मलमध्येच धरतो, आणि कुठेही सहाने गुणत नाही. हरकत खरी आहे, पण सहा गेलेले नाहीत. 0.25 ला सहाने भागा, 0.04167 मिळते. नॉर्मॅलिटीच्या व्याख्येतच इलेक्ट्रॉनांची संख्या आधी भरून ठेवलेली आहे, म्हणून अनुमापन करताना ती पुन्हा दिसत नाही. समीकरणात प्रभार न जुळवता नॉर्मॅलिटी काढणाऱ्याला सहाने भागायचे हे कुठून कळणार?

दुसरी हरकत अधिक विचार करायला लावणारी आहे. प्रभार इतका महत्त्वाचा, तर दहावीपर्यंतची समीकरणे प्रभार न मोजता बरोबर कशी यायची? याचे उत्तर, तो नकळत मोजला जात होता. हीच अभिक्रिया पूर्ण संयुगांनी लिहा.

K₂Cr₂O₇ + 6FeSO₄ + 7H₂SO₄ → Cr₂(SO₄)₃ + 3Fe₂(SO₄)₃ + K₂SO₄ + 7H₂O

इथे लोहाला सहाऐवजी दोन लिहून पाहा आणि उजवीकडे फेरिक सल्फेट एक ठेवा. पोटॅशियम, क्रोमियम, लोह, हायड्रोजन सगळे जुळतील, पण सल्फेट डावीकडे नऊ आणि उजवीकडे सात होतील. सहा लिहिले की दोन्हीकडे तेरा. प्रत्येक सल्फेट दोन ऋण प्रभार घेऊन चालतो, म्हणून सल्फेट मोजताना आपण प्रभारच मोजत होतो. आयनिक समीकरणात सल्फेट वगळला की ही राखण निघून जाते आणि प्रभार उघडपणे मोजावा लागतो. ज्याला आपल्या आयनिक समीकरणाची शंका येते, त्याने ते एकदा असे पूर्ण संयुगांनी लिहून पाहावे. चूक सल्फेटवर किंवा क्लोराइडवर उघडी पडते.

प्रभार मोजतानाही एक चूक वारंवार होते. डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचा ऑक्सिडीकरण अंक अधिक सहा असतो, म्हणून विद्यार्थी त्या आयनाचा प्रभार अधिक बारा धरून बेरीज करतात. ऑक्सिडीकरण अंक इलेक्ट्रॉन कोणी किती घेतले हे काढण्यासाठी आहे. बेरजेत मात्र आयनाच्या डोक्यावर उजवीकडे लिहिलेला प्रभार, गुणिले त्या आयनाचा सहगुणक, एवढेच धरायचे. पाण्यासारख्या उदासीन रेणूचा वाटा शून्य. अर्धअभिक्रियांनी जाणाऱ्यांसाठी क्रम असा ठेवावा की आधी मुख्य मूलद्रव्य, मग पाण्याने ऑक्सिजन, मग हायड्रोजन आयनांनी हायड्रोजन, आणि शेवटी इलेक्ट्रॉन घालून प्रभार. इलेक्ट्रॉन शेवटीच घालायचे, कारण हायड्रोजन आयन घातल्यावर प्रभार पुन्हा बदलतो. डायक्रोमेटच्या अर्ध्या भागात डावीकडे उणे दोन अधिक चौदा म्हणजे बारा, उजवीकडे सहा, म्हणून डावीकडे सहा इलेक्ट्रॉन. लोहाचा अर्धा भाग एक इलेक्ट्रॉन देतो, म्हणून तो सहाने गुणायचा. बेरजेत इलेक्ट्रॉन पूर्णपणे कटले नाहीत, तर समीकरण अजून पुरे झालेले नाही.

अवस्थांची गोष्ट याहून वेगळी आहे. अणू आणि प्रभार जुळवायचे असतात, अवस्था जुळवायच्या नसतात. डावीकडे दोन स्थायू म्हणून उजवीकडे दोन स्थायू, असला नियम नाही. अवस्था खऱ्या लिहायच्या असतात. आणि अणू व प्रभार दोन्ही अचूक जुळूनही समीकरण केवळ अवस्थेमुळे चुकू शकते, हे समजण्यासाठी पेणइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत, आणि शाडूबरोबर प्लास्टर ऑफ पॅरिस तिथे वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. प्लास्टर साच्यात घट्ट होते तेव्हा घडते ते असे :

CaSO₄·½H₂O(s) + 1½H₂O(l) → CaSO₄·2H₂O(s)

पाठ्यपुस्तकात याच्या उलट अभिक्रियाही असते. जिप्सम तापवले की प्लास्टर आणि पाणी मिळते. विद्यार्थी एक समीकरण पाठ करतो आणि दुसरे बाण उलटा करून लिहितो, अवस्थांसकट. पण जिप्सम भाजताना तापमान शंभर अंशांच्या वर असते आणि पाणी वाफ होऊन जाते, म्हणून तिथे g. साच्यात मिसळलेले पाणी द्रव असते, म्हणून इथे l. अक्षराचा हा फरक ऊष्मारसायनाच्या गणितात गुण घालवतो. द्रव पाण्याने प्लास्टर घट्ट होताना मोलमागे सुमारे 17 ते 19 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. साच्यात हात घातला तर कोमट लागते ती हीच. पाणी वाफेच्या रूपात धरले, तर दीड मोल पाण्याच्या बाष्पनाचे सुमारे 66 किलोज्यूल त्यात जाऊन बसतात आणि उत्तर 83 ते 85 होते. अणू तेच, सहगुणक तेच, प्रभार शून्य, आणि उत्तर चौपटीहून मोठे.

याहून खोल चूक विसर्जनानंतरच्या रसायनात होते. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. दीड किलोची मूर्ती विरघळायला सहाशे लिटरच्या आसपास पाणी लागेल, म्हणून ती बादलीत दिवसेंदिवस तशीच राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला आणि पुणे महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी ते लोकांना वाटले. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, वर अमोनियम सल्फेटचे द्रावण राहते, ते खत म्हणून चालते, आणि फसफसत कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रेक्षक अमोनियम वगळून खरे आयनिक समीकरण असे :

CaSO₄·2H₂O(s) + 2HCO₃⁻(aq) → CaCO₃(s) + SO₄²⁻(aq) + CO₂(g) + 3H₂O(l)

दोन्ही बाजूंना उणे दोन प्रभार आहे. उजवीकडच्या तीन पाण्यांपैकी दोन जिप्समच्या स्फटिकातली आहेत. आता समजा एखाद्याने ‘पाण्यात टाकले आहे ना’ म्हणून जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट दोघांनाही aq लिहिले. जलीय लिहिले की आयन सुटे करायचे, हा नियम त्याला ठाऊक आहे, म्हणून तो दोन्हीकडे कॅल्शियम आयन लिहितो, दोन्हीकडे सल्फेट लिहितो, आणि नियमाप्रमाणे दोन्हीकडचे सारखे आयन काटतो. हातात उरते ते हे :

2HCO₃⁻(aq) → CO₃²⁻(aq) + CO₂(g) + H₂O(l)

हे तपासा. हायड्रोजन दोन, कार्बन दोन, ऑक्सिजन सहा, सगळे जुळतात. प्रभार दोन्हीकडे उणे दोन. दोन्ही कसोट्यांवर उतरलेल्या या समीकरणात कॅल्शियम नाही, सल्फेट नाही आणि मूर्तीही नाही. ज्या कारणासाठी बायकार्बोनेट बादलीत टाकले, ते कारणच काटले गेले. खरी अभिक्रिया पुढे सरकते ती कॅल्शियम कार्बोनेट जिप्समपेक्षा कितीतरी कमी विरघळते म्हणून. शुद्ध पाण्यात ते लिटरला सुमारे 15 मिलिग्रॅमच विरघळते. जिप्सममधून सुटणारा थोडाथोडा कॅल्शियम आयन कार्बोनेटच्या रूपात खाली बसत जातो, त्याची जागा भरायला आणखी जिप्सम सुटते, आणि असे करत मूर्ती संपते. दोन स्थायूंमधला हा फरक समीकरणात फक्त s या अक्षराने येतो. ते अक्षर चुकले की आयन सुटे करण्याचा निर्णय चुकतो, आणि पुढची सगळी काटाकाट बिनचूक करूनही उत्तर निरर्थक होते.

चाणाक्ष विद्यार्थी इथे विचारील की थोडे का होईना, जिप्सम विरघळतेच ना, मग कॅल्शियम आयन aq लिहिणे चूक कसे? प्रश्न रास्त आहे. विरघळून सुटलेल्या कॅल्शियमपुरते समीकरण हवे असेल, तर Ca²⁺(aq) + 2HCO₃⁻(aq) → CaCO₃(s) + CO₂(g) + H₂O(l) हे पूर्ण बरोबर आहे. तो अभिक्रियेचा दुसरा टप्पा आहे, आणि त्याच्या आधी जिप्सम विरघळण्याचा टप्पा जोडला की वरचे एकूण समीकरण मिळते. एकूण समीकरण लिहिताना मात्र पदार्थाचा बहुतांश भाग ज्या रूपात आहे, तेच रूप लिहायची रीत आहे. म्हणून प्रश्न नीट वाचावा. ‘मूर्तीची’ किंवा ‘जिप्समची अभिक्रिया’ विचारली असेल तर s, आणि ‘कॅल्शियम आयन असलेल्या द्रावणात’ असे म्हटले असेल तर aq. आयन सुटे करण्याआधी प्रत्येक संयुगाला दोन प्रश्न विचारायचे : हे पाण्यात पुरेसे विरघळते का, आणि विरघळल्यावर बहुतेक सगळे आयनांत सुटते का? दोन्हींचे उत्तर हो असेल, तरच ते सुटे करावे. अमोनियम बायकार्बोनेट दोन्हींवर उतरते. जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट पहिल्यावरच थांबतात. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल पाण्यात सहज मिसळते, पण त्याचे फारच थोडे रेणू आयनांत सुटतात, म्हणून ते CH₃COOH(aq) असे अखंडच लिहायचे.

अवस्था मुळीच लिहिल्या नाहीत आणि अवस्था चुकीच्या लिहिल्या, या दोन गोष्टी मात्र एका मापाने मोजू नयेत. संयुगांच्या साध्या समीकरणात, प्रश्नाने अवस्था मागितल्या नसतील तर त्या न लिहिल्याने समीकरण खोटे ठरत नाही, ते कमी माहिती देते इतकेच. तिथे गुण कापले गेले असतील, तर विद्यार्थ्याने शिक्षकांकडे जरूर दाद मागावी. निव्वळ आयनिक समीकरण, एन्थाल्पी आणि समतोल स्थिरांक या तीन ठिकाणी ती सवलत मागता येत नाही, कारण तिथे पुढचे गणित अवस्थेवर उभे असते. समतोल स्थिरांकात स्थायू येतच नाही. CaSO₄·2H₂O ला s लिहिले नाही तर त्याचा विद्राव्यता गुणाकार लिहिताना छेदात जिप्सम शिरते. दाद मागायला जाण्याआधी आपल्याच उत्तराशेजारी पेन्सिलने डावीकडचा एकूण प्रभार आणि उजवीकडचा एकूण प्रभार लिहावा, आणि ज्या संयुगांचे आयन सुटे केले त्यांच्याखाली रेघ मारावी. दोन आकडे वेगळे आले किंवा रेघेखाली एखादे न विरघळणारे संयुग सापडले, तर फुली योग्य जागी पडली आहे. दोन्ही ठीक असून फुली असेल, तर तेवढा पेन्सिलचा हिशेब दाखवून तपासनिसाला विचारता येते.